या चुका टाळा: जबड्यातली दाढ मोजताना ओळख आणि वय दोन्ही चुकतात

ग्रामीण रुग्णालयात दंतचिकित्सक म्हणून काम करताना अनोळखी सांगाडा तपासायचं बोलावणं येतं, तेव्हा पहिलं काम असतं दात मोजून तक्ता भरायचं. काम सोपं वाटतं, पण सगळ्यात महागडी चूक इथेच होते. एकदा ती माझ्या हातूनही होता होता राहिली.

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका नाल्याकाठी, पऱ्हाटीच्या वावराला लागून, कवटी आणि खालचा जबडा सापडला. खाली उजव्या बाजूला दोन दाढा होत्या आणि डावीकडेही दोनच. मी उजव्या 46 आणि 47, डाव्या 36 आणि 37 अशा लिहिल्या, म्हणजे दोन्ही बाजूंची पहिली आणि दुसरी दाढ. एक्स-रेमध्ये उजवी अक्कलदाढ, म्हणजे 48, हाडात दिसली. डावीकडे मागे काहीच नव्हतं, म्हणून डाव्या अक्कलदाढेसाठी ‘38 जन्मतःच नाही’ अशी नोंद केली. काही लोकांना अक्कलदाढ येतच नाही, त्यामुळे शंका आली नाही.

मग वय. दुसरी दाढ साधारण 12 व्या वर्षी येते आणि तिच्या मुळाचं टोक 14 ते 15 पर्यंत बंद होतं. मी जिला 37 म्हटलं होतं, तिच्या मुळांची टोकं उघडी होती. म्हणजे मुलगा 13 च्या आसपासचा. पोलिसांकडे त्या वयाच्या एका मुलाची बेपत्ता नोंद होतीच.

दुसऱ्या एका घरचा 17 वर्षांचा मुलगाही बेपत्ता होता. त्याच्या केसपेपरवर ‘36 काढली’ असं स्पष्ट लिहिलेलं. आमच्या तक्त्यात 36 हजर. काढलेली पक्की दाढ परत उगवत नाही, त्यामुळे हा मुलगा वगळायला हवा होता. पण त्याची आई म्हणाली, “चवथीत होता तवा दाढ काढली जी. लय सुजला होता गाल.”

‘चवथीत’ हा शब्द ऐकून मी एक्स-रे पुन्हा लावला. पहिली दाढ नवव्या वर्षी काढली, तर दुसरी तेव्हा हाडातच असते. ती पुढे सरकत पहिलीच्या जागी येते, आणि मोकळी जागा मिळाल्यामुळे अक्कलदाढ दुसरीच्या जागी लवकर उगवते. काढलेल्या दाढेचं भोक तोवर हाडाने भरून गेलेलं असतं. वरून पाहणाऱ्याला दोन्ही बाजू सारख्याच दिसतात.

ही गफलत ओळखायची खूण मुळांत असते. एकाच जोडीचे डावे-उजवे दात जवळपास एकाच वेळी वाढतात. इथे उजव्या 47 ची टोकं बंद आणि डाव्या ‘37’ ची उघडी होती. निरोगी जबड्यात एवढा फरक पडत नाही. उलट डावी ‘37’ आणि हाडातली उजवी 48 यांची मुळं सारखीच, सुमारे तीन चतुर्थांश झालेली होती. म्हणजे ती 38 होती. दाढेचा माथाही हेच सांगतो. खालच्या पहिल्या दाढेला बहुधा पाच उंचवटे आणि फाकलेली मुळं असतात. दुसरीला चार उंचवटे, मध्ये अधिक चिन्हासारखी खाच आणि मुळं जवळजवळ. आमच्या ‘36’ ला चारच उंचवटे होते आणि ती पुढे कललेली होती.

तक्ता बदलला तसं वयही बदललं. अक्कलदाढेच्या त्या अवस्थेवरून वय 16 ते 19 लिहिलं. याहून नेमका आकडा लिहू नये, कारण अक्कलदाढेचा वेग माणसागणिक फार बदलतो. दातांची झीज पाहून वय ठरवणं तर आपल्याकडे टाळावंच. खर्रा खाणाऱ्याचे दात कमी वयातही झिजलेले असतात.

एवढ्यावर ओळख पटली असं म्हणता येत नाही. लहानपणी पहिली दाढ काढलेली मुलं गावोगाव आहेत. त्याच केसपेपरसोबत उजव्या 46 चा, चांदी भरल्यानंतरचा छोटा एक्स-रे होता. जबड्याचा एक्स-रे त्याच कोनातून काढला, कारण कोन बदलला की भरावाचा आकारही बदललेला दिसतो. जुनी फिल्म लावताना तिच्यावरचा उंचवट्याचा ठिपका आपल्याकडे ठेवला. उलटी लावली असती, तर उजवी बाजू डावी वाटली असती. भरावाची कड, मुळांचा बाक आणि नसेच्या पोकळीचा आकार, तिन्ही जुळलं. तेव्हाच अहवालात ‘ओळख निश्चित’ लिहिलं. फक्त तक्ता जुळला असता, तर ‘ओळख शक्य’ इथेच थांबावं लागलं असतं.

डीएनएसाठी शाबूत दाढ लागते, पण ती फोटो आणि एक्स-रे झाल्यावरच काढावी. सुकवून कागदी पाकिटात ठेवावी, फॉर्मॅलिनमध्ये टाकू नये, त्याने डीएनए खराब होतो. आणि घरच्यांना ‘दात काढला होता का’ एवढंच विचारून थांबू नका, कितवीत असताना काढला तेही विचारा.