देवराईवरची सटीप संदर्भसूची : या चुका टाळा

‘धर्म आणि पर्यावरण’ हा सेमिनारचा विषय मिळाला की साताऱ्या-सांगलीकडच्या विद्यार्थ्याचा हात आधी देवराईकडे जातो. ते बरोबरच आहे. पाटण, जावळी, महाबळेश्वर, शिराळा या पट्ट्यात राया आजही आहेत आणि हव्या तेव्हा जाऊन बघता येतात. अडचण येते ती संदर्भसूचीत. मार्गदर्शक सहा ते आठ साधनांची सटीप सूची मागतात, आणि हातात येते ती पुस्तकांची यादी, प्रत्येकाखाली ‘अत्यंत अभ्यासपूर्ण व उपयुक्त ग्रंथ’ अशी एक ओळ. ती ओळ कुठल्याही पुस्तकाखाली चालते, म्हणजेच ती या पुस्तकाबद्दल काहीच सांगत नाही. टीप तपासायची असेल तर लेखकाचं नाव झाकून वाचावी. कोणत्या साधनाबद्दल लिहिलंय ते ओळखता आलं नाही, तर ती पुन्हा लिहायची.

एका नोंदीला साधारण शंभर ते दीडशे शब्द पुरतात. त्यातल्या साधारण निम्म्या शब्दांत साधनाचा मुख्य दावा आणि तो कशाच्या आधारावर केलाय ते यावं. उरलेल्या शब्दांत मूल्यमापन : हा आधार दाव्याला पेलतो का, आणि तुमच्या प्रश्नाला त्याचा किती उपयोग.

प्रश्न ठरवण्याआधीच टिपा लिहिणं

बाकीच्या बहुतेक चुका इथूनच निघतात. ‘देवराई आणि पर्यावरण’ हा प्रश्न नव्हे. ‘पाटण तालुक्यातल्या राया देवाच्या धाकामुळे टिकल्या, की जमिनीच्या मालकीमुळे आणि दुर्गम जागेमुळे?’ हा प्रश्न आहे. तो वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवला की प्रत्येक साधनाला विचारता येतं : तू यातल्या कुठल्या बाजूला पुरावा देतोस? प्रश्नच नसला तर मूल्यमापन कशाच्या तुलनेत करणार? मग भाषा सोपी आहे, छपाई चांगली आहे, असली वाक्यं येतात.

लिन व्हाइट यांचा लेख ऐकीव माहितीवर उरकणं

या विषयाच्या जवळजवळ प्रत्येक सूचीत ‘द हिस्टॉरिकल रूट्स ऑफ अवर इकॉलॉजिक क्रायसिस’ हा लेख असतो आणि न वाचता घातलेलाही बहुधा तोच असतो. खूण सोपी आहे. मूळ शीर्षकात ‘इकॉलॉजिक’ आहे. न वाचणारे ‘इकॉलॉजिकल’ लिहितात. लेख मुळात एक व्याख्यान होता. ते व्याख्यान डिसेंबर 1966 मधलं, पण ‘सायन्स’मध्ये ते छापून आलं 10 मार्च 1967 रोजी, खंड 155, पानं 1203 ते 1207. नोंदीत साल 1967 हवं. शंका आली तर डीओआय बघा : `10.1126/science.155.3767.1203`. त्यात खंड, अंक आणि पहिलं पान ओळीनं दिसतं.

सारांशातली नेहमीची चूक म्हणजे ‘ख्रिस्ती धर्मामुळे पर्यावरणाचा नाश झाला असं व्हाइट म्हणतात’ एवढ्यावर थांबणं. व्हाइट मध्ययुगीन तंत्रज्ञानाचे इतिहासकार होते. त्यांचं बोट पाश्चात्त्य ख्रिस्ती परंपरेवर आहे आणि पौर्वात्य ख्रिस्ती परंपरेला ते वेगळी काढतात. नांगराच्या बदलत्या तंत्रापर्यंत ते जातात. शेवटी उपाय शोधतात तोही ख्रिस्ती परंपरेतच, संत फ्रान्सिस यांच्यात. हा शेवट ज्या टिपेत नाही, ती लेखावर अन्याय करते.

मूल्यमापनात दुसरी चूक होते. ‘यावरून हिंदू धर्म निसर्गस्नेही असल्याचं सिद्ध होतं’ असा निष्कर्ष काढला जातो. पाच पानांचा हा लेख युरोपच्या इतिहासाबद्दल आहे, भारतातल्या कुठल्याही प्रथेचा तो पुरावा होऊ शकत नाही. आपल्या प्रश्नासाठी त्याचं मोल वेगळं आहे : धर्माची शिकवण माणसाच्या वागण्याला वळण देते हे तो गृहीत धरतो, आणि पाटणच्या रायांबाबत नेमकं तेच गृहीतक आपल्याला तपासायचंय. टिपेत एवढं आलं तरी पुरे.

गाडगीळ-वर्तक : एक नोंद पूर्ण करून

इथे गोंधळ आधी सालाचा होतो. माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक या जोडीचे देवरायांवर एकाहून अधिक लेख आहेत. 1975 चा लेख मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात आहे आणि तो भारतभरातल्या रायांबद्दल आहे. 1976 चा लेख ‘इकॉनॉमिक बॉटनी’च्या 30 व्या खंडात, पानं 152 ते 160, आणि तो पश्चिम घाटाबद्दल. विद्यार्थी एकाचं साल दुसऱ्याच्या नियतकालिकाला जोडतात. दुसऱ्याच्या संदर्भसूचीतून उचलताना ही चूक जशीच्या तशी पुढे जाते, म्हणून लेखाचं पहिलं पान डोळ्यांनी बघूनच नोंद करावी.

कच्ची टीप साधारण अशी येते : ‘या लेखात लेखकांनी देवरायांची सुंदर माहिती दिली आहे. देवरायांमुळे जैवविविधता टिकते हे त्यांनी दाखवून दिले आहे. लेख संशोधकांना मार्गदर्शक आहे.’ यात सारांश एका वाक्याचा आहे आणि मूल्यमापन म्हणजे नुसती पाठ थोपटणं. पक्की टीप अशी होईल :

‘पश्चिम घाटातल्या देवराया म्हणजे मूळच्या जंगलाचे उरलेले तुकडे आहेत आणि धार्मिक निर्बंधांमुळे ते राखले गेले, हा लेखाचा मुख्य दावा. या प्रथेचं मूळ शिकार आणि कंदमुळांवर जगणाऱ्या समाजात असावं असं लेखक सुचवतात. राया झपाट्यानं नष्ट होत आहेत, त्यांना संरक्षण द्यावं, असंही ते मांडतात. लेखकांपैकी एक परिसरशास्त्रज्ञ, दुसरे वनस्पतिशास्त्रज्ञ. त्यामुळे रायांमधल्या वनस्पतींबद्दलचं त्यांचं म्हणणं सगळ्यात भक्कम आहे. उगमाबद्दलचं विधान मात्र तर्क आहे. त्याला दिनांकित ऐतिहासिक कागदपत्राचा आधार नाही, म्हणून त्याचा उल्लेख “लेखकांच्या मते” असाच करावा लागेल. लेख संरक्षणाची बाजू मांडण्यासाठी लिहिलेला आहे, हेही वाचताना लक्षात ठेवायला हवं. माझ्या प्रश्नाच्या “धाक” या बाजूला हा मुख्य आधार आहे. मालकी आणि दुर्गमता या कारणांसाठी दुसरी साधनं लागतील.’

या टिपेत लेखाची निंदा नाही. कोणत्या दाव्यावर किती भार टाकता येईल, एवढंच सांगितलंय. ‘भक्कम’ आणि ‘तर्क’ हे दोन शब्द वेगवेगळ्या दाव्यांना लागले आहेत, अख्ख्या लेखाला नव्हे. नवख्या टिपेत नेमकं हेच राहतं. तिथे साधनाला एकूण शेरा मिळतो, परीक्षेतल्या गुणांसारखा.

विरोधात जाणारं साधन वगळणं

देवराईबद्दल आपुलकी असते, त्यामुळे तिच्याबद्दल शंका घेणारा लेख सूचीत येतच नाही. सेमिनारमध्ये पहिला प्रश्न मग तिथूनच येतो. जे. आर. फ्रीमन यांचा ‘गॉड्स, ग्रोव्ज अँड द कल्चर ऑफ नेचर इन केरळ’ हा लेख (मॉडर्न एशियन स्टडीज, खंड 33, अंक 2, 1999, पानं 257 ते 302) म्हणूनच घ्यावा. फ्रीमन मानववंशशास्त्रज्ञ. केरळमधल्या कावूंचा, म्हणजे तिथल्या देवरायांचा, अभ्यास करून ते म्हणतात की आजचा निसर्गसंवर्धनाचा हेतू आपण जुन्या प्रथेवर लादतो. भक्तांच्या दृष्टीनं कावू ही देवाची मालमत्ता. तिचा वापर देवाच्या हक्कानं आणि स्थानिक सत्तेच्या चौकटीत होत असे.

इथे दोन टोकांच्या चुका होतात. कोणी लिहितं, ‘फ्रीमन यांनी गाडगीळ-वर्तकांना खोटं ठरवलं’. कोणी लिहितं, ‘केरळचा लेख असल्यामुळे आपल्याला गैरलागू’. पहिलं चूक आहे, कारण दोघांचे प्रश्नच वेगळे आहेत : रायांमध्ये काय टिकलं आणि लोकांनी ती कशासाठी राखली. हेतू संवर्धनाचा नसतानाही झाडं टिकू शकतात. दुसऱ्या विधानात थोडं तथ्य आहे, केरळचे विधी आणि सत्तारचना साताऱ्याला तशीच्या तशी लावता येत नाहीत. पण त्या लेखातला प्रश्न उचलता येतो : पाटणच्या रायांच्या सातबारावर नाव कोणाचं आहे? देवस्थानाचं, वन विभागाचं, की खासगी? वाळलेलं लाकूड कोण नेतं, आणि देवळाच्या दुरुस्तीला राईतलं झाड चालतं का? टिपेच्या शेवटच्या दोन वाक्यांत हे प्रश्न आले तर ती नोंद सेमिनारला खरी उपयोगी पडते. शिवाय या टिपेत ‘गाडगीळ-वर्तक 1976 सोबत वाचावे’ असं लिहावं. नोंदी एकमेकींशी बोलल्या नाहीत तर सूची सुटी सुटी राहते.

गॅझेटिअर चुकीच्या जिल्ह्यात शोधणं

सांगलीच्या विद्यार्थ्यांना हमखास अडणारी जागा. जुन्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरमध्ये सांगली जिल्ह्याचा खंड सापडत नाही, आणि ‘माहिती उपलब्ध नाही’ असं लिहून विषय संपवला जातो. तेव्हा हा जिल्हाच नव्हता. वाळवा, तासगाव, खानापूर हा भाग साताऱ्यात मोडत होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला आणि 1960 मध्ये त्याचं नाव सांगली झालं. म्हणून 1885 चा 19 वा खंड, सातारा, हा उघडायचा. सांगली शहर संस्थानात होतं, त्यासाठी संस्थानाची कागदपत्रं वेगळी बघावी लागतात.

मूल्यमापनात हा खंड कोणी आणि कशासाठी काढला ते आलंच पाहिजे. तो वसाहती प्रशासनाच्या कामासाठी तयार झाला. देवळं, जत्रा, इनामं यांच्या नोंदी त्यात आहेत, पण राईचा उल्लेख नसला म्हणून 1885 मध्ये राई नव्हती असं म्हणता येत नाही. नोंद करणाऱ्याला तिची गरज वाटली नसेल. उल्लेख सापडला तर तो मात्र मोलाचा, कारण त्याला साल आहे.

सारांश वाचून पुस्तकाची टीप लिहिणं

ॲन फेल्डहाउस यांचं ‘वॉटर अँड वुमनहुड’ (1995) महाराष्ट्रातल्या नद्यांच्या धार्मिक अर्थांवर आहे. कृष्णाकाठच्या वाचकाला ते जवळचं वाटतं, म्हणून देवराईच्या सूचीतही घातलं जातं. मलपृष्ठ वाचून ‘नदीच्या पावित्र्यावरचं पुस्तक’ असं लिहिलं की फसगत होते, कारण फेल्डहाउस यांचा भर पावित्र्यापेक्षा समृद्धी, अन्न, सुफलता आणि नदीच्या स्त्रीरूपावर आहे. शिवाय पुस्तक प्रदूषणाबद्दल नाही. देवराईच्या प्रश्नाला ते पार्श्वभूमीपुरतंच लागतं, तेव्हा त्याची टीप साठ-सत्तर शब्दांत आटोपावी. सगळ्या नोंदी सारख्या लांबीच्या असायलाच हव्यात असा नियम नाही.

एखादं पुस्तक कॉलेजच्या ग्रंथालयात मिळालं नाही आणि त्यातलं एकच प्रकरण छायाप्रतीत वाचलं, तर टिपेच्या सुरुवातीलाच ‘फक्त अमुक प्रकरण वाचले’ असं लिहून मोकळं व्हावं. मार्गदर्शकांना ते चालतं. चालत नाही ते न वाचलेल्या पानांवरचं मत, आणि ते ‘हे कितव्या पानावर आहे?’ या एका प्रश्नात उघडं पडतं. म्हणून प्रत्येक टिपेच्या समासात, सूचीत छापायचे नसले तरी, मुख्य दाव्याचे पान क्रमांक पेन्सिलीनं लिहून ठेवावेत.