क्लासचं माहितीपत्रक : चार पानांवरून एका पानावर

ठाण्यात वर्तकनगरला आमचा दहावीचा क्लास आहे. माहितीपत्रक चार पानी होतं, तरी ते हातात धरूनच पालक विचारायचे, "सर, सगळे मिळून किती भरायचे?" फी तिसऱ्या पानावर, परिच्छेदाच्या पोटात होती: "वार्षिक शुल्क रु. २४,००० अधिक नियमानुसार कर, हप्त्यांची सोय उपलब्ध."

मी ते एका ताईंना वाचायला दिलं आणि गप्प बसलो. त्यांनी पानं उलटली, मग मोबाईल काढून १८ टक्के जीएसटीचा हिशोब करायला घेतला. चूक तिथेच कळली. आता शीर्षकाखालीच लिहिलंय: "एकूण फी रु. २८,३२०, जीएसटीसह. तीन हप्ते, प्रत्येकी रु. ९,४४०: जून, ऑगस्ट, ऑक्टोबर. पुस्तकं यात नाहीत." शेवटचं वाक्य घालायला मन धजत नव्हतं, पण नंतरची वादावादी त्यामुळेच थांबली.

निकालाचं जास्त अवघड गेलं. "उज्ज्वल यशाची परंपरा" आणि पहिल्या पाच मुलांचे फोटो काढून टाकले. पाचांवरून बाकीच्यांचं काय झालं ते कळत नाही. त्याजागी: "गेल्या वर्षी ३८ मुलं. ७५ टक्क्यांच्या वर २१, ६० ते ७५ मध्ये १३, त्याखाली ४."

संस्थापकांचं मनोगत पूर्ण गेलं. बॅचच्या वेळा मात्र ठेवल्या, कारण शाळा सुटून मूल पोहोचेल का, हे पालकांना आधी बघावं लागतं.

परवा एक बाबा दारातच म्हणाले, "त्या चौघांकडे तुम्ही कसं बघता?" अर्धा तास बोललो.