अडकलेली रिटेन्शनची रक्कम फाईलमधून अशी काढा

रिटेन्शन म्हणजे दोष दुरुस्तीची मुदत संपेपर्यंत ठेकेदाराच्या बिलातून कापून ठेवलेली रक्कम. ती वर्क ऑर्डरच्या रकमेवर काढू नका. ती प्रत्यक्ष झालेल्या कामावर, बिलागणिक कापलेली असते. समजा, डिचोलीतल्या गटाराची ऑर्डर 40 लाखांची, पण अंतिम बिलात मोजमाप भरलं 36.40 लाखांचं. 5 टक्क्यांनी कपात 1.82 लाख, 2 लाख मागितले तर पत्र आक्षेप लागून परत येणार. म्हणून प्रत्येक रनिंग बिलाच्या वजावटीतून आकडा उचला आणि बेरीज करा.

दुसरी गफलत तारखेची. कम्प्लिशन सर्टिफिकेटवर दोन तारखा असतात: वर जावक क्रमांकाशेजारी सही झाल्याची, आत मजकुरात काम पुरं झाल्याची. दोष दुरुस्तीची मुदत कुठल्या तारखेपासून, हे कराराच्या अटीत बघा. बहुधा आतलीच लागते. ती एक्सेल शीटच्या D2 मध्ये आणि मुदतीचे महिने E2 मध्ये टाका:

```
=EDATE(D2,E2)
```

28 मे 2023 ला पुरं झालेलं काम, मुदत 12 महिने, म्हणजे पैसे 28 मे 2024 पासून येणे. पण करारात ‘एक पावसाळा’ असं लिहिलेलं असेल तर सूत्र चालत नाही, तारीख हातानं घाला. मुदतवाढीचं पत्र बहुतेकदा पत्रव्यवहाराच्या फाईलमध्ये सापडतं, बिलांच्या नव्हे.