चढावर स्कूटर दम टाकते? कंट्रोलर बदलण्याआधी या चुका टाळा

परतवाड्याच्या आसपासच्या गावांतून माझ्याकडे येणाऱ्या इलेक्ट्रिक स्कूटरांमध्ये एकच चूक वारंवार दिसते: गाडी चढावर दमली की बॅटरीची वीज मोटारला मोजून देणारा कंट्रोलर गेला असे गृहीत धरून तो बदलून टाकायचा. गेल्या पावसाळ्यात एक संत्रा बागायतदार दुसरा नवा कंट्रोलर बसवून आले, तरीही सपाट रस्त्यावर नीट धावणारी त्यांची गाडी चिखलदऱ्याच्या घाटात मधूनच मागून कोणी ओढल्यासारखी अडत होती. मी त्यांना पुढे चालवायला सांगून मागे राहिलो. गाडी जिथे जिथे अडली, तिथे तिथे त्यांची बोटे लिव्हरपासून दूर असूनही मागचा ब्रेक दिवा लागला होता.

ब्रेक लिव्हरच्या स्विचमध्ये चिखल बसून त्याची दांडी अडकत होती आणि खड्ड्यात हादरा बसला की खोटा ब्रेक लागत होता. तो संकेत मिळताच कंट्रोलर मोटारचा पुरवठा तोडतो, आणि रीजनरेटिव्ह ब्रेकिंग असलेल्या गाडीत मोटारलाच जनित्र बनवून चाकाला अडवतो. सपाटीवर असा क्षणभराचा खंड वेगात निभावून जातो, चढावर मात्र गाडीला मागे खेचणारी उताराची ओढही त्यात मिळते. म्हणून कंट्रोलरला हात लावण्याआधी मी गाडी मधल्या स्टँडवर चढवतो आणि हँडलवर हलकेच ठोकत मागच्या दिव्याकडे पाहतो. दिव्याची वायर वेगळी असू शकते, म्हणून संशय उरला तर स्विचचा प्लग काढून एकदा चढ चढून पाहावा. दोष मिटला तर स्विच स्वच्छ करून वा बदलून प्लग पुन्हा जोडावाच. तो कायमचा काढून ठेवणारे मेकॅनिक मला मुळीच मान्य नाहीत, कारण थ्रॉटल अडकला तर ब्रेक दाबूनही मोटार बंद होत नाही.

दुसरी चूक म्हणजे उभ्या गाडीचे व्होल्टेज पाहून बॅटरीला निर्दोष ठरवणे. लेड-ॲसिडच्या पाच बॅटऱ्यांच्या एका 60 व्होल्ट गाडीत उभ्याने 63 व्होल्ट दिसत होते, पण मागे बसलेल्या मुलाच्या हाती मल्टिमीटर देऊन चढ चढलो तेव्हा ते 51.5 वर आले, आणि त्या कंट्रोलरची खालची मर्यादा 52 होती, म्हणजे त्याखाली तो मोटारचा पुरवठा तोडतो. प्रत्येक बॅटरी वेगळी मोजली तेव्हा चौघींनी भाराखाली 11.3 व्होल्ट दिले, पाचवीने फक्त 6.3. दोष एका बॅटरीचा होता आणि ग्राहक कंट्रोलर मागायला आला होता.

रीजनरेटिव्ह ब्रेकिंग असलेली गाडी पूर्ण चार्ज करून लगेच घाट उतरू नये. भरलेल्या लिथियम बॅटरीत ब्रेक लावताना मोटारकडून परतलेल्या विजेला जागा नसते, बॅटरीचे रक्षण करणारे सर्किट म्हणजे बीएमएस चार्जिंग तोडतो, व्होल्टेज चढते आणि कंट्रोलर दोष दाखवून बंद पडू शकतो. त्या क्षणी फक्त हाताच्या ब्रेकवर गाडी थांबवावी लागते. म्हणून वर राहणाऱ्यांनी उतरण्याआधी बॅटरी थोडी रिकामी ठेवावी.