चॅटमध्ये ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतोय? मग हे करून बघा

समजा तुम्ही ट्रेकच्या ग्रुपवर लिहिलं, “उद्या दोन दऱ्या ओलांडायच्या आहेत”, आणि समोरच्याला दिसलं, “उद्या दोन दर्या ओलांडायच्या आहेत”. दरीचा समुद्र झाला. किंवा “आचाऱ्याला विचारून घ्या” लिहिलं आणि तिकडे “आचार्याला विचारून घ्या” पोचलं, म्हणजे स्वयंपाक्याऐवजी गुरुजींना विचारा. तुमचं शुद्धलेखन चुकलेलं नसतं, मधल्या एखाद्या सिस्टिमने तुमच्या शब्दातलं एक न दिसणारं अक्षर काढून टाकलेलं असतं.

त्या अक्षराचं नाव झिरो विड्थ जॉइनर, कोड `U+200D`. त्याला रुंदी नाही, स्वतःचा आकार नाही, ते फक्त फॉन्टला सांगतं की इथे अर्ध्या अक्षराचं रूप दाखव. साधं र, मग हलन्त, मग य असं आलं की फॉन्ट रफार काढतो, कार्य, सूर्य यातल्यासारखा. पण र, हलन्त, जॉइनर, य असं आलं की मराठीतला तो आडवा, पापणीसारखा अर्धा र येतो. जॉइनर गेला की उरतं र, हलन्त, य, म्हणजे परत रफारच. बाकीची अक्षरं सगळी जागेवर असतात म्हणून कुठे एरर येत नाही, चौकोन दिसत नाहीत, आणि गडबड लक्षात येते ती थेट वाचणाऱ्याच्या.

आता आधी खात्री करून घ्या, कारण कधीकधी जॉइनर शाबूत असतो आणि फॉन्टच त्याला जुमानत नाही, तेव्हा दिसायला दोन्ही बिघाड सारखेच. सगळ्यात सोपी चाचणी म्हणजे त्याच चॅटमध्ये लॅपटॉपवर काम करणाऱ्या बाईचा इमोजी पाठवा. तो इमोजी बाई, जॉइनर आणि लॅपटॉप असा तीन तुकड्यांचा असतो, त्यामुळे समोर बाई वेगळी आणि लॅपटॉप वेगळा दिसला तर जॉइनर काढला जातोय असं समजायला हरकत नाही. उलट इमोजी नीट आला म्हणून सुटलो असं मात्र नाही, काही ठिकाणी इमोजीतला जॉइनर राहू देतात आणि अक्षरांमधला काढतात.

पक्कं बघायचं तर कॉम्प्युटरवर ब्राउझरमध्ये F12 दाबा, Console उघडा, आणि चॅटमध्ये पोचलेला शब्द कॉपी करून या ओळीत अवतरणचिन्हांच्या आत टाका:

```
[..."दऱ्या"].map(c => c.codePointAt(0).toString(16))
```

उत्तरात `926 930 94d 200d 92f 93e` असे सहा कोड आले तर जॉइनर आहे आणि दोष फॉन्टचा आहे. `926 930 94d 92f 93e` असे पाचच आले तर जॉइनर वाटेत गेला. हीच तपासणी पाठवण्याआधी, पेस्ट केल्यावर आणि पोचल्यावर अशी तीनदा केली की नेमका कुठे गेला तेही कळतं, बरेचदा तो पेस्ट करतानाच जातो आणि आपण सर्व्हरला दोष देत बसतो.

पण वर मी दिलेला शब्द जसाच्या तसा तपासलात तर तिसरंच उत्तर येईल: `926 931 94d 92f 93e`. इथे पाचच कोड आहेत, `200d` नाही, तरी आडवा र दिसतोय! कारण इथे `930` म्हणजे साधा र नाहीच, `931` आहे, म्हणजे खाली टिंब असलेला ऱ. युनिकोडमध्ये ऱ ला हलन्त जोडला की फॉन्टने आडवा अर्धा र दाखवायचा असा नियमच आहे, जॉइनरवाली पद्धत युनिकोड २.० शी जुळवून घ्यायला ठेवलेली आहे. त्यामुळे कितीही गाळण्या लागल्या तरी हा शब्द बदलत नाही, काढण्यासारखं अदृश्य असं त्यात काही नाहीच. (या लेखात सगळीकडे हाच ऱ वापरलाय, उगाच वाटेत शब्द मोडायला नकोत.)

म्हणजे खरा उपाय टायपिंगमध्येच आहे. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर J ला र आहे आणि Shift+J ला ऱ, हलन्त D वर. म्हणून ऱ्य साठी Shift+J, D, / आणि ऱ्ह साठी Shift+J, D, U. मोबाईलच्या कीबोर्डवर ऱ दिसत नसेल तर र दाबून धरून बघा. फोनेटिक कीबोर्ड आतून नेमकं काय टाकतो ते डोळ्यांनी कळत नाही, म्हणून त्याने लिहिलेला एक ‘दुसऱ्या’ वरच्या ओळीतून काढून बघा, `931` आलं की निश्चिंत.

आधीच लिहून ठेवलेला मजकूर असेल तर तो चॅटमध्ये टाकायच्या आधी बदलून घ्या, पायथॉनमध्ये एका ओळीचं काम आहे:

```
s = s.replace("\u0930\u094d\u200d", "\u0931\u094d")
```

याने र, हलन्त, जॉइनर या तिघांच्या जागी ऱ आणि हलन्त येतात, कार्य किंवा सूर्य यांना धक्का लागत नाही कारण त्यात जॉइनर नसतोच. याचा आणखी एक फायदा सर्चमध्ये होतो. दोन पद्धतींनी लिहिलेला ‘दुसऱ्या’ दिसायला एकच असला तरी साधा सर्च त्यांना वेगळे शब्द मानतो, आणि युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशनसुद्धा त्यांना एक करत नाही.

जॉइनर एकदा निघून गेल्यावर मात्र सरसकट बदल करू नका, ही चूक फार महागात पडते. प्रत्येक र्य चा ऱ्य केलात तर कार्य, धैर्य, पर्याय सगळे मोडतील, आणि र्ह चा ऱ्ह केलात तर अर्हता गेली. तिथे मूळ शब्दाकडे बघावं लागतं. शब्द रा किंवा री ने संपणारा मराठी असेल, जसं दुसरा, वारा, शेतकरी, सुरी, तर त्याच्या रूपात आडवा र येतो: दुसऱ्या, वाऱ्यावर, शेतकऱ्यांना, सुऱ्या. मुळातच र्य असेल तर रफार राहतो: सूर्याला, आचार्यांना. ‘दुसर्या’, ‘बर्याच’, ‘तर्हा’ असे शब्द मराठीत नाहीतच त्यामुळे त्यांची यादी करून आपोआप दुरुस्ती चालते, पण दर्या आणि आचार्याला हे दोन्हीकडून खरे शब्द आहेत, ते माणसानेच वाक्य वाचून ठरवायचे.

ऱ ने न सुटणारा भागही आहे. विद्या मधला द आणि य सुटे दाखवायचे असतील, किंवा क्ष फोडून दाखवायचा असेल, तर तिथे जॉइनर लागतो आणि तो गेला की जोडाक्षर परत एकसंध दिसतं. अर्थ बदलत नाही, पण अक्षर ओळख शिकवणाऱ्याचा धडा फसतो, अशा वेळी चित्र करून पाठवणं बरं.

आणि चॅट सिस्टिम तुमच्याच टीमची असेल तर कोडमध्ये हे शोधा:

```
text.replace(/[\u200B-\u200D\uFEFF]/g, "")
```

न दिसणारी अक्षरं वापरून बनावट नावं करतात, फिल्टर चुकवतात, म्हणून अशी सफाई टाकलेली असते, हेतू बरोबरच आहे. पण त्या रेंजमध्ये `200C`, म्हणजे अक्षरं जोडू न देणारा नॉन-जॉइनर, आणि `200D`, म्हणजे आपला जॉइनर, दोन्ही येतात. रेंज काढून नुसते `\u200B` आणि `\uFEFF` ठेवा, आणि युजरनेमसाठी कडक नियम हवाच असेल तर डोमेन नावांचा नियम घ्या, तिथे हलन्ताच्या लगेच नंतर आलेला जॉइनर चालतो. बदल केल्यावर टेस्टमध्ये जॉइनरवाला `"\u0926\u0930\u094d\u200d\u092f\u093e"` आत टाका आणि बाहेर आलेले कोड मोजा, सहाच यायला हवेत.