बांबूची शेड तिसऱ्या पावसात का बसली? या चुका टाळा

दहा वर्षांपूर्वी आम्ही कुडाळजवळ घराच्या मागे गाडीसाठी बांबूची शेड उभी केली. बारा बाय सोळा फूट, सहा खांब, वर पत्रे. बांबू घरच्याच बेटातला, माणगा. तिसऱ्या पावसात मागच्या बाजूचा एक खांब जमिनीलगत मोडला आणि अख्खी शेड त्या कोपऱ्यावर बसली. उतरवताना एकेक बांबू फोडून पाहिला, तेव्हा कळलं की बिघाड एक नव्हता, चार होते, आणि चारही आमचेच.

पहिला भुशाचा. शेड उभी राहून सहा महिने झाले नसतील, गाडीच्या काचेवर रोज सकाळी पिवळसर पीठ पडलेलं दिसायचं. मैद्यासारखं बारीक पीठ आणि बांबूवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसली, तर तो भुंगा. वाळवी असं पीठ पाडत नाही, ती मातीचे बोगदे बांधत खालून वर चढते. दोन्हींचा उपाय वेगळा, म्हणून आधी कोण आलंय ते बघायचं.

भुंगा येतो तो बांबूतल्या पिठूळ साखरेसाठी, म्हणजे स्टार्चसाठी. आम्ही बांबू तोडला श्रावणात, कारण सुतार तेव्हाच मोकळा होता. पावसाळ्यात बेट कोंब वाढवण्याच्या गडबडीत असतं, तेव्हा तोड टाळायची आणि पाऊस संपल्यावर थंडीत तोडायची. दुसरं म्हणजे आम्ही सरळ आणि हिरवेगार दिसले ते निवडले, म्हणजे नेमके कोवळे. पेरांना वाळकी आवरणं चिकटलेली आहेत, अंगावर पांढरी भुकटी आहे, तो एक वर्षाचा. तीन-चार वर्षांचा बांबू मळकट दिसतो, अंगावर करड्या बुरशीचे ठिपके असतात आणि तो बेटाच्या आत सापडतो, म्हणून तोडायला कंटाळा येतो. शंका असेल तर ताज्या कापावर टिंक्चर आयोडीनचा थेंब टाकून बघा. काप निळा-काळा झाला की स्टार्च भरपूर आहे.

दुसरी चूक प्रक्रियेची, आणि ही आमच्या भागात घरोघरी दिसते. आम्ही बांबूला बाहेरून जळकं ऑईल फासलं. बांबूची साल इतकी घट्ट आणि मेणचट असते की बाहेरून लावलेलं काहीही आत जात नाही. जातं ते फक्त कापलेल्या टोकांतून आणि आतल्या पोकळीतून. म्हणून बांबू द्रावणात बुडवून ठेवावा लागतो. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिड तीनास दोन या प्रमाणात घ्यायचं आणि दोन्ही मिळून पाण्याच्या साधारण पाच टक्के. पुढच्या शेडसाठी आम्ही बारा फूट लांब चर खणून त्यात जाड प्लास्टिक अंथरलं. बांबू भरल्यावर पाचशे लिटर पाणी मावलं, त्याला १५ किलो बोरॅक्स आणि १० किलो बोरिक ॲसिड लागलं. आधी थोड्या गरम पाण्यात विरघळवून मग ओतायचं, नाहीतर तळाशी साका राहतो. बांबू तरंगतात, वर दगड ठेवावे लागतात.

पोकळ बांबू असेल, उदाहरणार्थ कळक, तर बुडवण्याआधी लांब सळई घालून प्रत्येक गाठीचा पडदा फोडायचा, म्हणजे द्रावण आतून भिंतीला लागतं. आठ ते दहा दिवस पुरतात. माणगा बुंध्याकडे जवळजवळ भरीव असतो, तिथे पडदा फोडायचा प्रश्नच येत नाही. त्याला दिवस जास्त द्यायचे आणि तोडल्यावर लगेच, ओला असतानाच बुडवायचा. बोरॉन ओल्या भिंतीतून सरकत आत जातं. नंतर सावलीत, जमिनीपासून उचलून, महिना-दीड महिना वाळवायचा. भर उन्हात टाकला तर तडे जातात.

इथे एक मर्यादा मुकाट्याने मान्य करावी लागते. हे द्रावण पाण्यात विरघळतं, म्हणजे पावसात धुऊनही जातं. बोरॉन दिलेला बांबू छपराखाली वर्षानुवर्षं टिकतो, पण उघड्यावर किंवा मातीत नाही.

तिसरी चूक तीच. आमच्या सहाही खांबांची बुडं दोन फूट खड्ड्यात होती आणि भोवती काँक्रीट ओतलं होतं. भक्कम वाटलं. प्रत्यक्षात काँक्रीटचा पेला झाला: बांबू वाळून जरा बारीक झाला, फट पडली, पागोळीचं पाणी फटीत शिरलं आणि बाहेर यायला वाटच नव्हती. मोडलेल्या खांबाचं बूड मी बोटाने चिमटलं, तर ओल्या पुठ्ठ्यासारखं सुटत आलं. जमिनीच्या दोन इंच वर मात्र बांबू ठणठणीत होता.

दुरुस्तीही तिथेच करता येते. छप्पर टेकू देऊन धरा, खांबाचं कुजलेलं बूड कापा, खाली जमिनीपासून फूट-दीड फूट उंच काँक्रीटचा ठोकळा करा आणि त्यात बसवलेल्या लोखंडी पट्ट्यांना खांब बोल्टने धरा. ठोकळ्याचा माथा उतरता ठेवा, पाणी साचता कामा नये. पोकळ बांबू असेल तर ठोकळ्यातून वर आलेली सळई खालच्या कांड्यात घेऊन तिथे सिमेंट-वाळू भरतात. छपराचं टोक खांबापुढे किमान अडीच फूट आलं पाहिजे. पत्र्याचे पैसे वाचवायला आम्ही ते एका फुटावर आणलं होतं.

चौथी चूक खिळ्यांची. बांबूचे धागे सगळे उभे, त्यांना आडवं बांधून ठेवणारं फारसं काही नसतं. खिळा ठोकला की तो पाचरीचं काम करतो आणि चीर पुढच्या गाठीपर्यंत पळते. आधी ड्रिलने भोक पाडून बोल्ट घाला, आणि भोक गाठीपासून दोन इंचांच्या आत ठेवा. जोडाच्या पलीकडे एक गाठ शिल्लक हवी, नाहीतर ताण आला की बोल्ट टोकातून फाडत बाहेर येतो. बोल्टखाली मोठा वायसर घाला. आढं खांबावर बसवताना खांबाचा माथा आढ्याच्या गोलाईप्रमाणे कोरून घ्या. सपाट माथ्यावर गोल बांबू दोन बिंदूंवरच टेकतो आणि तिथेच चिरडतो. दोरीने बांधायचं असेल तर वाळलेला बांबूच बांधा. ओल्यावर कितीही घट्ट आवळा, बांबू वाळून बारीक होतो आणि गाठ सैल पडते.

वाऱ्याचं गणित लोक विसरतात. पत्र्याचं छप्पर हलकं असल्याने ते खाली दाबत नाही, वर उचललं जातं. २०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा आमच्या किनाऱ्यावर हे सगळ्यांनी पाहिलं. म्हणून वासा-आढं-खांब-ठोकळा ही साखळी प्रत्येक जोडाला लोखंडाने सलग हवी.

वासे, कैच्या, कुडाची भिंत, पडवी, गोठ्याचं छप्पर इथे बांबू निर्धास्त वापरावा. न्हाणीघराची भिंत नको. आणि स्लॅबमध्ये सळईऐवजी बांबू घालायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नका: ओल्या काँक्रीटमध्ये तो फुगतो, मग आकसतो आणि पकड सोडतो. माणसं वर राहणार असतील तर आयएस १५९१२ हे मानक माहीत असलेला इंजिनिअर गाठा.

चरातलं द्रावण पुन्हा वापरता येतं, त्यात थोडं मीठ नव्याने मिसळून. मीठ म्हणजे बोरॅक्सचंच, सगळे तसंच म्हणतात. उरलेलं मात्र झाडांना ओतू नका. आम्ही बादलीभर केळीच्या बुडाशी ओतलं आणि पंधरवड्यात पानांच्या कडा करपल्या.