स्टीलच्या रॉडमधला आवाजाचा वेग काढताना या चुका टाळा

फॉर्म्युला सगळ्यांना पाठ असतो, v = √(Y/ρ), तरी उत्तर भलतंच येतं, आणि गंमत म्हणजे ते किती भलतं आलंय त्यावरूनच कुठे घसरलात ते कळतं. स्टीलचा यंग मॉड्युलस Y, म्हणजे त्याचा ताठपणा, धरा २०० गिगापास्कल, घनता ρ ७८०० किलो प्रति घनमीटर. २०० तसाच टाकलात तर उत्तर ०.१६ मी/से येतं, म्हणजे गोगलगायीपेक्षा जरा बरं, इथे गिगाचे नऊ शून्य राहिले. Y बरोबर घेतला पण घनता ७.८ टाकली (ग्रॅम प्रति घनसेंमीवाली) तर १,६०,००० च्या आसपास. दोन्ही नीट घेतले की २ × १०¹¹ भागिले ७८०० म्हणजे साधारण २.५६ × १०⁷ आणि त्याचं वर्गमूळ ५०६० मी/से. वर्गमूळ घ्यायचंच विसरलात तर अडीच कोटी येईल, ते तर दिसतंच.

आता मुख्य घोळ. "स्टील हवेपेक्षा दाट, म्हणून आवाज जास्त वेगाने जातो" असं बरेच जण लिहितात, आणि हे उलटं आहे. घनता फॉर्म्युल्यात खाली आहे, ती वेग कमीच करते. स्टील हवेपेक्षा साधारण ६५०० पट दाट, पण ताठपणा (हवेसाठी γP, म्हणजे दाब P गुणिले विशिष्ट उष्णतांचं गुणोत्तर γ, सुमारे १.४ लाख पास्कल) तब्बल १४ लाख पट जास्त, मग भागाकार २१७ च्या आसपास आणि वर्गमूळ जवळपास १५. हवेत २० अंशाला ३४३ मी/से, त्याच्या १५ पट, जुळलं ना? खात्री नसेल तर ॲल्युमिनियम बघा, ते स्टीलच्या जवळपास एक तृतीयांश वजनाचं पण Y पण तसाच ७० गिगापास्कल, म्हणून वेग ५०९० म्हणजे जवळजवळ तोच!

हवेसाठी γ विसरून नुसता P घेतला तर २९० येतं, न्यूटननेही हीच चूक केली होती, त्यामुळे फार मनाला लावून घेऊ नका 😄

आणि टेबलात स्टीलला ५९०० दिसलं तर आपलं चुकलं म्हणून खोडू नका. ते जाड ठोकळ्यातलं आहे. बारीक रॉड दाबला की बाजूने फुगायला मोकळा असतो, ठोकळ्यात आजूबाजूचं मटेरियल फुगू देत नाही म्हणून ताठपणा वाढतो. Y वाला फॉर्म्युला तरंगलांबीपेक्षा बराच बारीक असलेल्या रॉडलाच लागू.

१ मीटरचा ॲल्युमिनियम रॉड मधोमध चिमटीत धरून राळ लावलेल्या बोटांनी लांबीच्या दिशेने घासा, मोबाईलच्या स्पेक्ट्रम ॲपवर २५५० हर्ट्झच्या आसपास टोक दिसेल. वेग म्हणजे ही फ्रिक्वेन्सी गुणिले तरंगलांबी, आणि इथे तरंगलांबी रॉडच्या दुप्पट, २ मीटर घ्यायची, १ नाही, आणि हवेतली तरंगलांबी तर अजिबात घेऊ नका, कारण हवेत गेल्यावर फ्रिक्वेन्सी तीच राहते पण तरंगलांबी १३.५ सेंमीच उरते.